दोन ओळींचा दोहा: शेवटच्या शब्दापर्यंत गुपित कसे राखायचे

मराठीत दोहा लिहायला बसणाऱ्याची गफलत बहुधा मोजणीतच होते. कान अभंग आणि ओवीवर घडलेला असतो, आणि अभंगात आपण अक्षरे मोजतो. दोहा मात्र मात्रांवर चालतो. एका ओळीत २४ मात्रा, त्यांचे १३ आणि ११ असे दोन भाग, मध्ये छोटा थांबा. अशा दोन ओळी झाल्या की दोहा पुरा. पहिल्या आणि तिसऱ्या चरणात १३ मात्रा, दुसऱ्या आणि चौथ्यात ११, आणि यमक दुसऱ्या व चौथ्या चरणाच्या शेवटी.

ही मांडणी आश्चर्याला सोयीची आहे. प्रत्येक ओळीचा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा दोन मात्रांनी आखूड असतो, त्यामुळे कानाला वाटते त्याच्या किंचित आधी ओळ संपते. शिवाय सम चरणाचा शेवट नेहमी गुरू-लघू असा असतो: आधी लांब अक्षर, मग आखूड. वाट, हात, भिंत. आवाज वर जाऊन पटकन खाली टेकतो. हेच माप उलटे करून ११ आधी आणि १३ नंतर ठेवले की सोरठा होतो. त्यात यमक ओळीच्या मध्यावर पडते आणि ओळ लांबत जाऊन संपते. सोरठ्याचा स्वतःचा गोडवा आहे, पण शेवटच्या शब्दावर झटका द्यायचा तर दोहाच हवा.

हा लेख त्या झटक्यापुरता आहे. एक दोहा कच्च्या वाक्यापासून शेवटपर्यंत घडवून पाहू, कारण नियम वेगळे पाठ करण्यापेक्षा ते कुठे आडवे येतात ते पाहिलेले बरे.

आधी मोजणी पक्की करू

अ, इ, उ, ऋ हे स्वर असलेले अक्षर लघू, त्याची एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेले गुरू, त्याच्या दोन. उच्चारात ठसणारा अनुस्वार असेल तर ऱ्हस्व अक्षरही गुरू होते: 'भिंत'मधला 'भिं' दोन मात्रांचा. पुढे जोडाक्षर आल्याने आघात बसत असेल तर आधीचे ऱ्हस्व अक्षर दोन मात्रांचे धरायचे: 'पत्र' म्हणजे २ आणि १, 'निश्चिंत' म्हणजे २, २, १. शब्दाच्या सुरुवातीचे जोडाक्षर मात्र काही वाढवत नाही. 'त्या'च्या दोनच मात्रा.

अडखळायला होते ते आघाताच्या बाबतीत. मराठीत काही जोडाक्षरे आधीच्या अक्षरावर जोर देतच नाहीत. तुम्ही, पुन्हा, दुसऱ्या हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. 'तु'वर, 'पु'वर किंवा 'स'वर आघात येत नाही, म्हणून 'तुम्ही' तीनच मात्रांचा, 'पुन्हा'ही तीन, 'दुसऱ्या' चार. जोडाक्षर दिसले की डोळे मिटून दोन मात्रा धरणाऱ्यांची ओळ कागदावर बरोबर आणि तोंडात लंगडी होते. शंका आली तर शब्द उच्चारून पाहावा आणि कानाचे ऐकावे.

शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण बोलताना गिळतो. 'हात' म्हणताना 'त' अर्धाच ऐकू येतो. तरी मोजताना त्याची एक मात्रा धरायची, कारण पद्य म्हणताना त्या जागेवर आवाज क्षणभर रेंगाळतो.

एवढ्याने बेरीज जमेल, पण चाल जमेलच असे नाही. त्यासाठी एक सोपी कसोटी लक्षात ठेवावी: कोणताही चरण आठ मात्रांवर नीट तुटला पाहिजे. तेराचा चरण म्हणजे आठ आणि पाच, अकराचा म्हणजे आठ आणि तीन. आठवी मात्रा एखाद्या अक्षराच्या पोटात पडली तर तिथे ठेच लागणार. ते पहिले आठ शक्यतो चार-चारचे किंवा तीन-तीन-दोनचे असावेत. तीन मात्रांचा शब्द आला की त्याला जोडीला लगेच दुसरे तीन लागतात, मग दोनाने आठ भरतात. तीनानंतर चाराचा शब्द आला की गाडी रुळावरून उतरलीच.

अजून एक पथ्य आहे. तेराच्या चरणाची सुरुवात लघू-गुरू-लघू अशा एकाच शब्दाने करू नये: विचार, तुझाच, घरात वगैरे. बेरीज बिघडत नाही, पण या शब्दात लांब अक्षर मधोमध बसते आणि चरण उचलतानाच जोर भलत्या जागी जातो. हेच शब्द अकराच्या चरणाच्या शेवटी छान बसतात.

मराठीचा खरा पेच: अकराचा शेवट

तेराच्या चरणाचा शेवट लघू-गुरू असावा किंवा तीन लघूंचा. मराठीला हे अगदी सोपे जाते, कारण आपली क्रियापदे तशीच संपतात: बांधली, लागले, फाडला. अकराच्या चरणाला मात्र गुरू-लघू हवा, आणि तिथे मराठी हात आखडते. आपले बहुतेक शब्द दीर्घ स्वरावर संपतात. 'होता', 'आहे', 'केले', 'करायचे' यांतले काहीच तिथे बसत नाही. म्हणजे साधे बोलके वाक्य क्रियापदाने संपवायची आपली सवय इथे सोडावी लागते.

मग कुठले शब्द उरतात? पहिले, व्यंजनान्त नामे: वाट, दार, गाव, नाव, हाक, रात. दुसरे, 'त' प्रत्ययाची रूपे: दारात, मनात, अंधारात. तिसरे, 'ऊन'वाली: घेऊन, सोडून, पासून. चौथे, भविष्यकाळ आणि त्याच्यासारखी रूपे: येईल, असेल, आहेत. आणि पाचवा म्हणजे 'च': मीच, तोच, तसाच. हा 'च' आश्चर्याला फार उपयोगी दिसतो, कारण तो शेवटच्या शब्दावर बोट ठेवतो. पण तो बोट ठेवतो म्हणूनच जपून वापरावा. 'मीच' म्हणून संपणारा दोहा वाचकाला सांगतो की पाहा, इथे चमत्कार आहे. चांगल्या आश्चर्याला हे सांगावे लागत नाही. म्हणून पहिली पसंती साध्या नामाला किंवा विशेषणाला द्यावी.

ऱ्हस्व-दीर्घ वाकवून मोकळे होण्याचा मोह इथेच होतो. 'आणि'चे 'आणी', 'करून'चे 'करुनि', 'पाहिले'चे 'पाहियले'. जुन्या काव्यात ही मोकळीक होती आणि तिथे ती शोभते. आजच्या बोलीतल्या दोह्यात असा एक शब्द आला की बाकीचे सगळे शब्द त्याच्याकडे वळून बघतात, आणि वाचकाचे लक्ष नेमके नको तिथे जाते.

विचार: एकच 'पण'

आता प्रत्यक्ष लिहू. पहिली पायरी गद्याची. विचार एका वाक्यात लिहावा आणि त्यात 'पण' एकदाच यावा. आपले वाक्य असे आहे:

शेजाऱ्याच्या नजरेचा त्रास नको म्हणून भिंत बांधली, पण सुटका झाली ती शेजाऱ्याची.

हे वाक्य दोह्याला का चालते ते पाहू. त्यात एक कृती आहे, तिचा एक अपेक्षित परिणाम आहे (बांधणाऱ्याला शांतता) आणि एक खरा परिणाम आहे (शेजाऱ्याला शांतता). खरा परिणाम अपेक्षित परिणामाच्या शेजारीच आहे. बदलला तो फक्त माणूस. आणि माणूस बदलताच मागची सगळी गोष्ट उलटी दिसू लागते: टक लावून बघणारा कोण होता? हा प्रश्न दोह्यात लिहायचा नाही. तो वाचकाच्या मनात उठला पाहिजे.

आता न चालणारे वाक्य: मदत घ्यावी, पण कुणावर विसंबून राहू नये. यात 'पण' आहे, वळण नाही. दोन्ही भाग सल्ल्याचेच आहेत, आणि पहिला ऐकताच दुसरा कळतो. 'करावे', 'नये', 'ठेवावे' अशी रूपे गद्य वाक्यात आली तर बहुधा हाती उपदेश आहे, दोहा नाही. तसेच दोन 'पण' असलेला विचार ४८ मात्रांत मावत नाही. तो कोंबला तर दुसऱ्या ओळीत क्रियापदे गळतात आणि अर्थ तुटक होतो. असा विचार दोन दोह्यांत वाटून द्यावा.

चौथा चरण आधी, तिसरा सर्वांत शेवटी

दोहा वाचतात पहिल्या चरणापासून, पण लिहिताना क्रम वेगळा ठेवावा: चौथा, दुसरा, पहिला, तिसरा. पहिला चरण आधी लिहिणारा यमकाच्या शोधात चौथ्या चरणाशी पोचतो, तेव्हा हाती मिळेल तो शब्द घेतो. आश्चर्य असे यमकाच्या मर्जीवर सोडले की ते येत नाही.

शेवटी काय कळायला हवे? सुटलेला माणूस शेजारी आहे, हे. 'सुटला' हा शब्द दीर्घ आहे, बसणार नाही. 'मोकळा'ही नाही. 'निश्चिंत' मात्र २, २, १ आहे, शेवट गुरू-लघू. त्याच्या पुढे 'शेजारी' ठेवून पाहू: शे-२, जा-२, री-२, नि-२, श्चिं-२, त-१. बेरीज ११. आठवी मात्रा 'नि'वर संपते आणि 'चिंत' हे तीन उरतात. चौथा चरण मिळाला: शेजारी निश्चिंत.

आता दुसरा चरण. त्याला 'इंत' हे यमक हवे आणि आपल्या गोष्टीत 'भिंत' आधीच उभी आहे. 'उंच बांधली भिंत': ३, ५, ३, एकूण ११. उंच-३, बांध-३, ली-२, इथे आठ झाले, मग भिंत-३. दोन्ही कसोट्या उतरल्या.

यमकाबद्दल इथे थांबून बोलायला हवे, कारण 'भिंत'ला जुळवायला हात आधी 'खंत'कडे जातो. असा दोहाही होतो आणि मात्रांत चोख बसतो:

नजर नको शेजारची, उंच बांधली भिंत;
ऊन हरवले अंगणी, मनी राहिली खंत.

यात दोन उणिवा आहेत. 'भिंत' आणि 'खंत' यांचे स्वर वेगळे असल्याने यमक अर्धेच जुळते. पण ती उणीव एकवेळ चालून जाईल. दुसरी मोठी आहे: भिंत वाईट, ऊन गेले, खंत राहिली हे सगळे ठरलेले आहे. 'ऊन हरवले' कळताच पुढे दुःखाचा शब्द येणार हे वाचक ओळखतो. खंत, व्यथा, आस, भास, श्वास हे शब्द यमकाच्या दाराशी कायम उभे असतात. भावनेचे नाव सांगणारा शब्द शेवटी आला की दोहा स्वतःचाच निकाल वाचून दाखवतो.

चांगल्या यमकाची खूण अशी की दोन यमकी शब्द नुसते शेजारी ठेवले तरी विचाराची दोन टोके दिसावीत. भिंत आणि निश्चिंत: एक कृती, दुसरा परिणाम. दुसरे उदाहरण घेऊ:

राग अनावर, फाडले पत्र तुझे दारात;
तुकडे सगळे जुळवले नंतर अंधारात.

इथे 'दारात' आणि 'अंधारात' यांतच सगळे आहे: जे केले ते उघड्यावर, जे निस्तरले ते लपून. या दोह्यात माणूस बदलत नाही, जागा बदलते. चौथ्या चरणात पहिल्यांदा सुचतो तो शब्द 'रात्री', 'रात्री अंधारात', आणि मात्रा त्याच्याही बरोबर भरतात. पण रात्र आणि अंधार एकच गोष्ट दोनदा सांगतात. 'नंतर' त्याच चार मात्रांत काळ सरकवतो, राग उतरल्याचे न बोलता कळवतो. मात्रा भरल्या म्हणून शब्द राहू द्यायचा नाही. त्याला काही काम आहे का ते पाहायचे.

पहिला चरण: पेरणी

शेवटी जो येणार तो आधी कुठेतरी येऊन गेलेला असावा, पण दुय्यम होऊन. शेजारी चौथ्या चरणात अचानक उगवला तर वाचक विचारेल, हा कोण? म्हणून पहिल्या चरणात तो असायलाच हवा, मात्र कर्ता म्हणून नाही. त्याची फक्त नजर असावी.

पहिला कच्चा चरण सहज असा येतो: 'शेजाऱ्याची नजर नको'. मोजू: शेजाऱ्याची ८, नजर ३, नको ३, एकूण १४. एक मात्रा जास्त. अशा वेळी बरेच जण एखादे अक्षर ऱ्हस्व करून वेळ मारून नेतात. त्यापेक्षा शब्दाचे रूप आणि जागा दोन्ही बदलून पाहावे. 'शेजारची' सात मात्रांचा आहे: शे-२, जा-२, र-१, ची-२. तो शेवटी नेला की होते 'नजर नको शेजारची': ३, ३, ७, एकूण १३. आठावर तोडून पाहा: नजर-३, नको-३, शे-२, मग 'जारची'चे पाच. शेवट लघू-गुरू आहे. सुरुवात 'नजर'ने, म्हणजे तीन लघूंनी, तीही निर्दोष. शिवाय चरण 'नजर' या शब्दाने उघडतो, जो पुढे सगळ्या दोह्याची किल्ली ठरणार आहे. हा फायदा मात्रेच्या अडचणीतून मिळाला, असे बऱ्याचदा होते.

पहिली ओळ झाली: नजर नको शेजारची, उंच बांधली भिंत. ही ओळ एकटीच वाचली तरी पुरे वाक्य आहे. तशी ती असलीच पाहिजे. पहिली ओळ अधांतरी सोडून अर्थ दुसरीवर ढकलला तर दुसऱ्या ओळीचे बळ अर्थ पुरा करण्यातच खर्च होते आणि वळणाला जागा उरत नाही.

तिसरा चरण: कर्ता झाकून ठेवणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. तिसऱ्या चरणाचे काम एकच: वाचकाला चुकीच्या माणसाकडे पाहायला लावणे, आणि तेही खोटे न बोलता. दोहा पुन्हा वाचला तेव्हा तिसऱ्या चरणातला प्रत्येक शब्द खराच निघाला पाहिजे.

पहिला प्रयत्न असा होऊ शकतो: 'बघत मीच होतो खरा'. मात्रा १३, तोडही ठीक. पण गुपित इथेच फुटले. आता 'शेजारी निश्चिंत' नुसता पुरवणीसारखा लटकतो. लेखकाला भीती असते की वाचकाला कळणार नाही, म्हणून तो समजावून सांगतो, आणि नेमके त्यामुळे वाचकाला स्वतः शोधायला काही उरत नाही. 'खरा' हा तर निव्वळ भरणीचा शब्द. हो, रे, की, पहा, जणू, खरे हे सगळे त्याच जातीचे. तिसऱ्या चरणात यांपैकी एक जरी दिसला तरी चरण पुन्हा लिहावा.

दुसरा प्रयत्न: 'वीट बसली शेवटची'. चित्र चांगले आहे, बेरीज १३ आहे, तरी म्हणताना अडते. वीट-३, बसली-४, म्हणजे सात झाले, आणि आठवी मात्रा 'शे'च्या पोटात गेली. तीनानंतर चार आले की काय होते याचा हा नमुना. आणि चाल सुधारली असती तरी दुसरी उणीव होतीच: विटेच्या चित्राने वाचक कोणाच्याच निश्चिंतीची वाट पाहत नाही, त्यामुळे चौथा चरण कशाला उलटवत नाही.

इथे मराठीचे व्याकरण कामी येते. आपल्याकडे 'झोप लागली', 'बरे वाटले', 'आठवण आली', 'हसू आले' अशी वाक्ये आहेत, ज्यांत अनुभवणारा माणूस 'मला' किंवा 'त्याला' अशा रूपात वेगळा येतो आणि गाळला तरी वाक्य उणे वाटत नाही. क्रियापद झोपेशी जुळते, माणसाशी नाही. म्हणजे कोण झोपले हे न सांगता सांगता येते. एकच शब्द बदलून तीन चरण पाहा, तिन्ही १३ मात्रांचे:

मला झोप मग लागली, शेजारी निश्चिंत.
त्यास झोप मग लागली, शेजारी निश्चिंत.
शांत झोप मग लागली, शेजारी निश्चिंत.

पहिल्यात दोघेही सुखी, मग वळण कसले? दुसऱ्यात 'त्यास' आले आणि गुपित तिसऱ्याच मात्रेला सांडले, शिवाय 'त्यास' बोलीत कोणी म्हणत नाही. तिसऱ्यात माणूस गाळलेला आहे. भिंत बांधणारा आपण ऐकत आलो आहोत, म्हणून झोप त्यालाच लागली असे वाचक गृहीत धरतो. ते दोह्याने म्हटलेले नाही. मग 'शेजारी' हा शब्द येतो आणि ती झोप दुसऱ्याच्या घरात जाते.

पूर्ण दोहा:

नजर नको शेजारची, उंच बांधली भिंत;
शांत झोप मग लागली, शेजारी निश्चिंत.

'मग' दोन मात्रांचा आहे आणि भरणीचा वाटू शकतो, पण तो काढून पाहा. भिंत आणि झोप यांतला आधी-नंतरचा धागा तुटतो. त्याचे काम आहे, तो राहील.

भूतकाळी सकर्मक क्रियापदही अशीच मदत करते. 'बांधली' हे भिंतीशी जुळते, बांधणाऱ्याशी नाही, त्यामुळे 'मी' किंवा 'त्याने' न लिहिता चालले. 'फाडले', 'जुळवले' यांतही तेच. याउलट 'गेलो', 'बसली', 'म्हणालो' यांत कर्त्याचे लिंग किंवा पुरुष उघड होतो. माणूस बदलणारे वळण हवे असेल तर अशी क्रियापदे तिसऱ्या चरणात टाळावीत.

तपासणी

मात्रा दोन दिवसांनी पुन्हा मोजाव्यात, कारण लिहिण्याच्या ओघात कान आपल्याला हवे ते ऐकतो. मोजताना प्रत्येक अक्षराखाली आकडा लिहावा, मनातल्या मनात नको.

मग विरामचिन्हे. शेवटी उद्गारचिन्ह नको आणि चौथ्या चरणाआधी तीन टिंबेही नकोत. दोन्ही खुणा वाचकाला आधीच सावध करतात. तिसऱ्या चरणानंतर साधा स्वल्पविराम पुरे. दोह्याला शीर्षक देत असाल तर त्यात चौथ्या चरणातला शब्द येऊ देऊ नका. या दोह्याला 'शेजारी' नाव दिले तर वाचक पहिल्यापासून त्याच्यावरच नजर ठेवून वाचेल.

यानंतर दोहा कोणाला तरी ऐकवायचा, पण तीनच चरण. तिसऱ्यावर थांबून विचारायचे: पुढे काय येईल? ऐकणाऱ्याने नेमके तुमचेच उत्तर दिले तर तिसरा चरण जास्त बोलतो आहे. तिथे माणूस किंवा भावना उघडी पडली असणार, ती झाका. 'काहीच सुचत नाही' असे उत्तर आले तर तिसरा चरण कुठलीच अपेक्षा उभी करत नाही, विटेच्या चरणासारखा. त्याला अपेक्षित परिणामाकडे वळवा. 'आता तो सुखाने राहील' असे काही आले, म्हणजे आकार तोच पण माणूस दुसरा, तर चरण बरोबर जागी आहे. मग चौथा म्हणून दाखवा. ऐकणारा पहिल्या ओळीकडे परत गेला, 'थांब, म्हणजे बघत कोण होतं?' असे काही पुटपुटला, तर दोह्याला हात लावू नका. तो नुसता हसून गप्प राहिला तर पहिल्या चरणातली पेरणी कमी पडली आहे. 'नजर'सारखा शब्द पुरेसा पुढे आहे का, की ओळीत मध्येच कुठे दबला आहे, ते पाहा. आणि 'कोण शेजारी?' असे विचारले तर चौथ्या चरणातला माणूस पहिल्या ओळीत आणायचा राहून गेला आहे; पहिला चरण पुन्हा लिहायला घ्या, बाकीचे तीन तसेच राहू द्या.